धूळ लपावी, गंज दिसावा: गेट, ग्रिल आणि कंपाउंडचा रंग दोन पावसाळ्यांत कळकट का होतो

दिवाळी झाली की मला सारखेच फोन येतात. "भाऊ, रंग मारून दोन आखाज्या झाल्या नाहीत, अन् गेट पार कळकट दिसतंय. टिकणारा रंग कोणता ते सांगा." मी जळगावात रंगकामाचे ठेके घेतो. चोपडा, यावल, भुसावळ, धरणगाव असा पट्टा फिरतो. नव्या घरापेक्षा बिघडलेलंच काम जास्त वाट्याला येतं. प्रश्न शेडचा म्हणून विचारला जातो, पण निम्म्या घरी शेड बदलून काहीच होणार नसतं. म्हणून आधी लक्षणं नीट बघा.

लोखंडावर तीन प्रकार दिसतात. पहिला, गेटवरून हात फिरवला की तळव्याला रंगाची भुकटी लागते आणि चकाकी गेलेली असते. दुसरा, मरून किंवा लालभडक गेट गुलाबट पडतं. तिसरा, ग्रिलच्या गजाचं टोक जिथे भिंतीत शिरतं तिथून तांबडे ओघळ खाली उतरतात, किंवा रंगाचे पोपडे निघून आतला धातू दिसतो.

भिंतीवरची लक्षणं वेगळी. कंपाउंडच्या माथ्यापासून खाली काळे ओघळ, जमिनीलगत दीड-दोन फुटांचा चिखलाचा पट्टा, आणि तळाशी रंग फुगून आत पांढरी पूड. काळ्या गेटवर कायम बसलेला राखाडी थर हे लक्षण वाटतं, पण तो दोष रंगाचा नाही, निवडीचा आहे. त्याच्याकडे शेवटी येऊ.

आधी धुऊन बघा

बादलीभर पाणी, चमचाभर कपड्याची पावडर आणि जुनं बनियन. गेटचा एक हातभर भाग आणि भिंतीचा तेवढाच भाग हलक्या हाताने धुवा. वाळू द्या आणि मगच निकाल लावा, कारण ओला रंग नेहमी गडद आणि ताजा दिसतो.

वाळल्यावर भाग पहिल्यासारखा दिसला तर रंग शाबूत आहे, वर नुसती धूळ आहे. आपल्याकडे मार्च ते जूनच्या पहिल्या पावसापर्यंत नांगरलेल्या शेतांची बारीक माती उडत असते आणि पहिली सर तिचा लेप करून टाकते. अशा घरी मी रंगाचं काम घेत नाही. वर्षातून दोनदा धुवा म्हणतो, एकदा पहिल्या दोन-तीन पावसांनंतर आणि एकदा दिवाळीच्या साफसफाईत. गिऱ्हाईक जरा नाराज होतं, पण पुढच्या वर्षी तेच दुसरं गिऱ्हाईक पाठवतं.

धुऊन वाळल्यावरही कपड्याला रंग लागत राहिला तर वरचा थर उन्हाने जळून भुसभुशीत झालाय. ऑइल पेंटचं हे ठरलेलं म्हातारपण आहे. रंगाला बांधून ठेवणारं द्रव्य उन्हात तुटतं आणि पावडर मोकळी होते. त्या पावडरीवर तसाच नवा हात मारला तर नवा रंग लोखंडाला नाही, पावडरीला चिकटतो आणि वर्षभरात पापुद्र्यासारखा निघतो. पॉलिश पेपरने घासून, ओल्या फडक्याने पुसून, वाळवून मगच पुढचं काम.

नावाची पाटी काढून मागे बघा

हीसुद्धा फुकटची तपासणी. गेटवरची पाटी किंवा टपालपेटी सोडवा. तिच्यामागचा रंग आणि उघड्यावरचा धुतलेला रंग शेजारी शेजारी ठेवून बघा. मागे मरून आणि बाहेर गुलाबी असेल तर शेड उडालीय.

शेड का उडते हे कळलं तर निवड अर्धी झाली. रंगाची छटा ज्या पावडरीने येते ती दोन जातींची असते. लोखंडाच्या भस्मापासूनच्या छटा, म्हणजे गेरूचा तांबडा, पिवळी माती, विटकरी, तपकिरी, आणि काजळीपासूनचा काळा व त्यातून केलेले करडे, उन्हाला दाद देत नाहीत. शेणाने सारवलेल्या जुन्या घरांचा गेरूचा पट्टा वर्षानुवर्षं तांबडाच राहतो तो याच कारणाने. उलट भडक लाल, जांभळा, गुलाबी, लिंबू पिवळा या छटा बहुतेक सेंद्रिय रंगद्रव्यांच्या असतात आणि त्यांतल्या स्वस्त तर उन्हात लवकर हार मानतात. भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. तिथे दक्षिण-पश्चिमेला तोंड असलेल्या गेटला लालभडक देणं म्हणजे पैसे उन्हात वाळत घालणं.

नव्या प्लास्टरवरही भडक रंग फसतो, पण कारण वेगळं. ओल्या सिमेंटात अल्कली असते आणि ती काही छटा जाळते. प्लास्टर २८ दिवस तरी वाळू द्या. वास्तुशांतीची तारीख आडवी आली तर तेवढ्यापुरता चुना मारा.

मगभर पाणी वरून ओता

कंपाउंडच्या माथ्यावर मगाने हळू पाणी ओता आणि ते कुठून उतरतं ते बघा. भिंतीला चिकटून ओघळत असेल तर काळ्या ओघळांचं मूळ सापडलं. माथ्यावर वर्षभर धूळ साठते, पावसाचं पाणी ती घेऊन भिंतीवरून उतरतं, आणि उत्तरेकडच्या ओलसर भागात तिच्यावर शेवाळही धरतं. पांढरी भिंत त्यामुळे वाघाच्या पाठीसारखी पट्टेदार होते. इथे महागडा रंग उपयोगाचा नाही. माथ्याला कोपिंग, म्हणजे भिंत वरून झाकणारी टोपी, हवं. ते भिंतीबाहेर दोन इंच यावं, त्याचा उतार आपल्या अंगणाकडे असावा आणि बाहेर आलेल्या भागाला खालून अर्ध्या इंचाची खाच असावी, म्हणजे पाणी त्या खाचेपाशी सुटून थेंबाने खाली पडतं. गवंडी खाच विसरतात. ती नसेल तर पाणी कोपिंगच्या पोटाखालून वळून परत भिंतीवरच येतं.

मग दुसरा मग भिंतीपासून फूटभर लांब, उंचावरून जमिनीवर ओता. चिखल किती उंच उडतो ते मोजा. कच्च्या गल्लीत तो सहज दीड फूट जातो. भिंतीलगत फूटभर रुंद बारीक खडी अंथरली तरी उडणं निम्म्याने कमी होतं. ट्रॉलीभर खडी रंगाच्या एका डब्यापेक्षा जास्त काम करते, हे मी स्वतःच्या धंद्याच्या विरोधात सांगतोय.

डाग नेमका कसला

काळा डाग धुळीचा की शेवाळाचा हे डोळ्यांना कळत नाही. कपड्याच्या ब्लीचचे दोन थेंब टाका. पाच मिनिटांत डाग फिका पडला तर शेवाळ किंवा बुरशी, तसाच राहिला तर माती किंवा काजळी. हातमोजे घाला आणि ब्लीच बाथरूम साफ करायच्या अॅसिडमध्ये चुकूनही मिसळू नका, विषारी वायू निघतो. शेवाळ असेल तर ते मारून, धुऊन, वाळवल्याशिवाय वर रंग नको. नाहीतर ते नव्या रंगातून परत डोकं काढतं.

तळाशी पांढरी पूड असेल तर ती बोटावर घेऊन पाण्यात टाका. विरघळली तर तो लोणा, म्हणजे मातीतली नाहीतर बोअरच्या पाण्यातली क्षारं. आता एक फूट लांब-रुंद प्लास्टिकचा कागद भिंतीच्या तळाला चारही बाजूंनी टेपने चिकटवा आणि दुसऱ्या दिवशी बघा. आतून थेंब जमले असतील तर भिंत जमिनीतून पाणी ओढतेय. अशा भिंतीवर ऑइल पेंट किंवा जाड प्लास्टिकसारखा रंग मारू नका. आतली ओल बाहेर पडायला जागा शोधते आणि रंगालाच ढकलते. झाडांच्या कुंड्या भिंतीला टेकलेल्या असतील तर आधी त्या हलवा. माझ्या अनुभवात निम्मा लोणा कुंड्यांचा असतो.

सेलोटेप आणि पेचकस

आता लोखंड. ब्लेडने रंगावर बारीक फुली मारा, त्यावर सेलोटेप घट्ट दाबा आणि झटक्यात ओढा. टेपला रंगाचे तुकडे आले तर वर कितीही चांगली शेड द्या, ती टिकणार नाही. तुकड्याच्या पाठीकडे बघा. पाठ तांबडी असेल तर गंजावर किंवा फॅब्रिकेशनवाल्याच्या पातळ रेड ऑक्साइड प्रायमरवर रंग बसला होता. खालचा धातू रुपेरी आणि चट्ट्याचट्ट्यांचा असेल तर पाइप जीआयचा, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचा आहे. जीआयवर ऑइल पेंट थेट मारला की जस्ताशी त्याची क्रिया होऊन मधे साबणासारखा थर तयार होतो आणि पोपडे निघतात. तो सगळा रंग काढून जीआयसाठीचा वेगळा प्रायमर मारावाच लागतो. दुकानदाराला "लोखंडाचा प्रायमर द्या" म्हणाल तर तो रेड ऑक्साइडच देईल.

रेड ऑक्साइडबद्दल एक तक्रार इथेच मांडतो. गेट तांबडं रंगवून आलं की लोकांना ते रंगवलेलं वाटतं. मग "लग्नसराई आटोपली की बघू" म्हणत ते पावसाळाभर तसंच उभं राहतं. प्रायमर सच्छिद्र असतो. त्यातून पाणी आत जातं आणि खाली गंज सुरू होतो, पण प्रायमर आणि गंज दोन्ही तांबडे असल्याने कुणाला दिसत नाही. दिवाळीत त्यावर सुंदर काळा हात मारला जातो आणि पुढच्या आषाढात पोपडे निघतात. प्रायमरवर उघड्यावर चार-सहा आठवडे गेले असतील तर घासून नवा प्रायमर मारा.

शेवटी पेचकसाने गेटच्या सगळ्यात खालच्या पाइपला, वेल्डिंगच्या जोडांना आणि ग्रिलच्या भिंतीतल्या टोकांना टोचा. घट्ट लागलं तर तारेच्या ब्रशने काम होईल. चौकोनी पाइपच्या पोटाला भोक नसेल तर आत पाणी साठून तो आतून गंजतो, म्हणून दोन्ही टोकांना पाच मिलिमीटरचं भोक पाडून घ्या.

आता शेड

इथवर सगळं ठीक निघालं तरच शेडकार्ड उघडा.

माझा नियम साधा आहे. भिंतीवर धूळ लपावी. लोखंडावर धूळ लपावी, पण गंज दिसावा. यामुळेच मी लोखंडाला तपकिरी देत नाही, जरी ती छटा उन्हाला सगळ्यात जास्त टिकते आणि दुकानात गोल्डन ब्राउन सर्वांत जास्त खपतो. तपकिरी गेटवर गंजाचा ठिपका दिसतच नाही. दिसतो तेव्हा पेचकस आरपार जातो. पांढऱ्या ग्रिलवर गंज पहिल्या आठवड्यात दिसतो, पण धूळही तेवढीच दिसते. मधला मार्ग करडा. स्मोक ग्रेपेक्षा एक-दोन पायऱ्या गडद असा करडा घेतला की धूळ त्यात मिसळते आणि नारिंगी ठिपका रस्त्यावरूनही दिसतो. मग पॉलिश पेपर, चमचाभर प्रायमर आणि छोटा ब्रश, अर्ध्या तासाचं काम.

काळा का नको? काजळीचा काळा उडत नाही हे खरं. पण आपली काळी माती शेतात काळी दिसते, वाळून उडाली की ती राखाडी-तपकिरी होते. काळ्या चकचकीत पत्र्यावर ती आरशावरच्या पिठासारखी दिसते. शिवाय काळं गेट उन्हात इतकं तापतं की दुपारी कडीला हात लागत नाही. काळाच हवा असेल तर चकाकी नको, साटन फिनिश घ्या.

धूळ सगळीकडे सारखी नसते. काळ्या रानात ती राखाडी-तपकिरी, मुरमाच्या रस्त्यालगत तांबूस, दीपनगरच्या वीजकेंद्राच्या बाजूला फिकट राखेसारखी. म्हणून शेडकार्डावरून नाही, आपल्या दारातल्या मातीवरून ठरवा. मनातल्या तीन शेडचे छोटे डबे आणा, टाकाऊ फरशीच्या तुकड्यांवर दोन-दोन हात मारा आणि दोन दिवस वाळवा. गेटसमोरची मूठभर माती तांब्याभर पाण्यात कालवून तुकड्यांवर शिंपडा. वाळलं की तुकडे गेटपाशी उभे करून रस्त्याच्या पलीकडून बघा. ज्याच्यावर चिखल शोधावा लागतो, ती तुमची शेड.

चोपड्याकडचं एक काम

घर पश्चिममुखी, समोर कच्ची गल्ली, पलीकडे शेत. भिंत ५० फूट लांब, ५ फूट उंच, पांढरी, मधल्या पट्ट्यात खडबडीत टेक्स्चर. गेट काळं चकचकीत. घरातल्या आजी पहिल्याच वाक्यात अहिराणीत म्हणाल्या, "दोन वरीसमा रंग काबर उडना, भो?"

रंग उडालाच नव्हता. धुतलं तर गेटचा काळा शाबूत निघाला. फक्त वेल्डिंगच्या जोडांवर आणि खालच्या पाइपवर गंज होता, पेचकसाला घट्ट लागणारा. भिंतीला कोपिंग होतं, पण खाच नव्हती. टेक्स्चरच्या खडबडीत खाचांमध्ये धूळ इतकी बसली होती की ब्रशनेही निघेना. टेक्स्चर ही आपल्याकडच्या बाहेरच्या भिंतीची सगळ्यात मोठी चूक आहे असं माझं मत झालंय. पण ते तोडायचे पैसे त्यांना झेपणारे नव्हते.

मग असं केलं. गवंड्याकडून कोपिंगच्या पोटाला ग्राइंडरने खाच पाडून घेतली. टेक्स्चरवर बाहेरच्या पुट्टीचे दोन हात देऊन खाचा बुजवल्या. पार सपाट झालं नाही, पण हात फिरेल इतकं झालं. भिंतीचे दोन भाग पाडले. खालचे दोन फूट, म्हणजे १०० चौरस फूट, दारातल्या वाळलेल्या मातीपेक्षा किंचित गडद राखाडी-तपकिरी. वरचे तीन फूट, १५० चौरस फूट, त्याच कुळातला फिकट मातकट. बाहेरच्या इमल्शनचा लिटर दोन हातांना साधारण ५० चौरस फूट भरतो, म्हणून खाली २ लिटर आणि वर ३ लिटर. दुरुस्तीसाठी दोन्ही शेडचा अर्धा-अर्धा लिटर जास्त घेतला आणि डब्यांवर शेडचा नंबर लिहून ठेवला. गडद पट्टा जुन्या घरांना गेरूचा असायचा त्याच जागी आला, म्हणून आजींना लगेच पटला.

गेटचे गंजलेले जोड तारेच्या ब्रशने धातूपर्यंत घासले, तिथे झिंक फॉस्फेट प्रायमरचे दोन हात, बाकी सगळ्यावर घासून एक हात, आणि वर मध्यम करड्या साटनचे दोन हात. काम डिसेंबरात केलं. आखाजीच्या गर्दीत भर दुपारी तापलेल्या पत्र्यावर मारलेला रंग वरून लवकर सुकतो, आत कच्चा राहतो आणि बुडबुडे येतात. त्या दिवसांत करायचंच असेल तर सकाळी दहाच्या आत उरका.

दोन पावसाळ्यांनंतर गेलो होतो. खालच्या पट्ट्यावर चिखल होताच, फक्त दिसत नव्हता. ओघळ एकाच जागी होता, दिव्याच्या खांबापाशी, जिथे कोपिंग तुटक आहे. गेटच्या एका बिजागरीखाली नारिंगी ठिपका होता आणि तो आजींनीच दाखवला.

इथे थांबा

पेचकस पाइपात घुसला तर पुट्टी भरून रंगवू नका, वेल्डरला बोलवा. खिडकीच्या ग्रिलचं भिंतीतलं टोक सडलं असेल तर वरच्या मजल्यावर तर अजिबात वाट बघू नका, ग्रिल सुटून खाली येते. स्लायडिंग किंवा मोठं गेट उतरवायचं कामही एकट्याने करू नका. बिजागरीतून सुटलेलं गेट पायावर पडलेलं मी पाहिलंय.

२०१७ च्या आधीचा जुना ऑइल पेंट, विशेषतः पिवळा, लाल, हिरवा, असेल तर त्यात शिसं असू शकतं. घरगुती रंगात शिशाची मर्यादा ९० पीपीएम करणारा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. असा रंग कोरडा घासू नका, ग्राइंडर तर लावूच नका. ओला घासा, मास्क लावा, लहान मुलं आणि गरोदर बाई घराबाहेर ठेवा. मोठं गेट असेल तर ते माहीतगार पेंटरला द्या.

आणि भिंतीला तिरकी भेग असेल, उन्हाळ्यात नाणं जाईल इतकी उघडणारी आणि पावसाळ्यात मिटणारी, किंवा भिंत एका बाजूला कललेली असेल, तर माझ्यासारख्याला फोन करू नका. काळी माती पाणी पिऊन फुगते, वाळून आकसते आणि पाया तिच्याबरोबर हलतो. तिथे सिव्हिल इंजिनियरने पाया बघितल्याशिवाय पुट्टीचा हातसुद्धा मारायचा नाही. तोवर भिंतीलगत मुलांना खेळू देऊ नका आणि गाडी लावू नका.